टळलेल्या डोसची नोंद

चुकीचा डोस रुग्णाच्या अंगात गेला तर त्याचा माग मागे राहतो. शुगर खाली येते, घाम फुटतो, डॉक्टरांना बोलावणं जातं, केस पेपरवर वेळा पडतात आणि नातेवाईक प्रश्न विचारतात. तोच डोस सुई टोचण्याआधी कोणी थांबवला, तर पंधरा मिनिटांत मागमूसही उरत नाही. भरलेली सिरिंज कचऱ्यात जाते, नवा डोस भरला जातो, ड्युटी बदलते आणि ज्या दोघींना झालेलं माहीत असतं त्या घरी जातात. मग या घटनेचा पुरावा म्हणून एकच गोष्ट उरते, ती म्हणजे कोणी लिहिलीच असेल तर ती नोंद. माझं म्हणणं असं आहे की अशा नोंदींतल्या बऱ्याचशा नोंदी नेमका हा पुरावाच पुसून टाकतात. लिहिणाऱ्याने दोषी कोण हे आधी ठरवलेलं असतं, किंवा कोणाला तरी वाचवायचं हे ठरवलेलं असतं. दोन्ही वेळा कागदावर माणसं राहतात आणि ज्या वस्तूंमुळे चूक घडू शकली त्या गायब होतात. दोष न लावता लिहिण्याचा आग्रह मी धरतो तो त्यासाठी. मायेपोटी कोणाला पदराखाली घ्यावं असं मला म्हणायचं नाही. दोष लावला की तपास माणसापाशी थांबतो, आणि उद्याच्या ड्युटीवर त्याच खणातून तीच सिरिंज दुसरं कोणी तरी उचलतं.

हे नुसतं बोलून पटणार नाही, म्हणून एक प्रसंग तपशिलात घेतो. तो कोणत्याही एका रुग्णालयाचा नाही. भारतातल्या वॉर्डांत ज्या रीतीने ही चूक होऊ शकते त्या रीतीने नमुना म्हणून मांडला आहे. औषध आहे इन्सुलिन. आपल्याकडे इन्सुलिन प्रामुख्याने दोन तीव्रतांमध्ये मिळतं. नेहमीच्या बाटलीत बहुतेक वेळा एका मिलिलिटरमध्ये 40 युनिट असतात. 10 मिलिलिटरच्या बाटलीत एकूण 400. पेनमध्ये बसणाऱ्या छोट्या कार्ट्रिजमध्ये एका मिलिलिटरला 100 युनिट असतात. 3 मिलिलिटरच्या कार्ट्रिजमध्ये एकूण 300. 100 तीव्रतेच्या बाटल्याही बाजारात आहेत. त्यामुळे सिरिंजही दोन प्रकारच्या आहेत. 40 ची सिरिंज बहुधा लाल टोपणाची असते आणि 100 ची केशरी टोपणाची. सिरिंजवर ज्या खुणा छापलेल्या असतात त्या थेट युनिटांच्या असतात, आणि त्या खऱ्या ठरतात ते फक्त आत भरलेलं इन्सुलिन त्याच तीव्रतेचं असेल तेव्हा. सिरिंजला आत काय भरलं आहे हे कळत नाही. ती केवळ किती जागा भरली हे मोजते.

आता प्रसंग. मेडिसिनच्या वॉर्डात एका रुग्णाला रात्रीच्या जेवणाआधी 16 युनिट रेग्युलर इन्सुलिन त्वचेखाली द्यायचं आहे. वॉर्डातली बाटली दुपारीच संपली आहे. मागणीपत्रावर ‘रेग्युलर इन्सुलिन, नग 1’ असं लिहून औषधालयाकडे पाठवलं जातं. तिथेही त्या दिवशी बाटल्या संपलेल्या असतात, म्हणून त्याच प्रकारच्या इन्सुलिनचं कार्ट्रिज वर येतं. नाव तेच, प्रकार तोच. वॉर्डात त्या कार्ट्रिजला बसणारं पेन नाही. इन्सुलिनच्या सिरिंजच्या खणात सगळ्या लाल टोपणाच्या सिरिंज आहेत, कारण वॉर्डात आजवर 40 ची बाटलीच वापरली जात आली आहे. ड्युटीवरची सिस्टर कार्ट्रिजच्या रबरातून सुई घालते आणि 16 च्या खुणेपर्यंत सिरिंज भरते. 40 च्या सिरिंजवर 16 ची खूण म्हणजे 0.4 मिलिलिटर. 100 तीव्रतेच्या इन्सुलिनच्या 0.4 मिलिलिटरमध्ये 40 युनिट असतात. द्यायचे 16, सिरिंजमध्ये 40, म्हणजे बरोबर अडीचपट. आणि डोळ्यांना सगळं ठीक दिसतं: तक्त्यावर 16, सिरिंजवर 16.

खाटेजवळ दुसरी सिस्टर पडताळणीला येते. ती तक्ता पाहते, सिरिंज पाहते आणि विचारते, “बाटली कुठे आहे?” तिच्या हातात कार्ट्रिज दिलं जातं. त्यावरचा 100 चा आकडा आणि सिरिंजचं लाल टोपण एकत्र समोर आल्यावर ती हात थांबवते. डोस दिला जात नाही. ड्युटी डॉक्टरांना कळवलं जातं, शेजारच्या वॉर्डातून 40 ची बाटली आणली जाते, नव्या सिरिंजमध्ये 16 युनिट भरून दोघी मिळून पाहतात आणि मग देतात. जेवण त्या हिशोबाने मागे ढकललं जातं. प्रसंग एवढाच. आता या प्रसंगाचं कागदावर काय होतं ते पाहू.

एका प्रकारची नोंद अशी असते: ‘संबंधित सिस्टरच्या निष्काळजीपणामुळे इन्सुलिनचा चुकीचा डोस भरला गेला. सहकारी सिस्टरच्या सतर्कतेमुळे अनर्थ टळला. संबंधितांना समज देण्यात आली.’ दुसऱ्या प्रकारची नोंद अशी: ‘इन्सुलिनच्या डोसबाबत किरकोळ गोंधळ झाला होता. वेळीच लक्षात आल्याने दुरुस्त करण्यात आला. रुग्णास त्रास नाही.’ पहिली कठोर वाटते, दुसरी सौम्य वाटते, पण दोन्ही वाचून मला एकच गोष्ट कळते, ती म्हणजे काहीच कळत नाही. कोणती सिरिंज होती? इन्सुलिन कशातून घेतलं? डोस किती जास्त होता की कमी होता? 40 चं नाव नाही, 100 चं नाव नाही, कार्ट्रिजचा उल्लेख नाही. सहा महिन्यांनी गुणवत्ता समितीतल्या कोणी हे कागद काढले, तर वॉर्डात दोन तीव्रतांचं इन्सुलिन आणि एकाच तीव्रतेची सिरिंज आहे हे त्यातून कधीच हाती लागणार नाही. ‘निष्काळजीपणा’ आणि ‘किरकोळ गोंधळ’ हे दोन्ही शब्द लिहिणाऱ्याचा निकाल सांगतात. वाचणाऱ्याला निकाल नको असतो, त्याला निकालापर्यंत जाण्यासाठी लागणारा ऐवज हवा असतो.

माझ्या मते त्याच प्रसंगाची नोंद अशी व्हायला हवी: ‘लिखित आदेश: रेग्युलर इन्सुलिन 16 युनिट, त्वचेखाली, संध्याकाळी 7.30 वाजता, जेवणाआधी. वॉर्डातील 40 युनिट प्रति मिलिलिटरची बाटली दुपारी संपली. मागणीपत्रावर तीव्रता किंवा बाटली/कार्ट्रिज असा उल्लेख नव्हता. 6.40 वाजता औषधालयाकडून 3 मिलिलिटरचे कार्ट्रिज आले, लेबलवर 100 युनिट प्रति मिलिलिटर. वॉर्डात त्यासाठीचे पेन उपलब्ध नव्हते. 7.10 वाजता ग्लुकोमीटरवर शुगर 214. 7.25 वाजता लाल टोपणाच्या, 40 ची खूण असलेल्या सिरिंजमध्ये कार्ट्रिजमधून 16 च्या खुणेपर्यंत इन्सुलिन भरले, म्हणजे 0.4 मिलिलिटर, 40 युनिट. 7.30 वाजता खाटेजवळच्या पडताळणीत दुसऱ्या परिचारिकेने मूळ पात्र पाहण्यास मागितले आणि पात्रावरील व सिरिंजवरील तीव्रता वेगळी असल्याचे तिच्या लक्षात आले. डोस दिला गेला नाही. 7.35 वाजता ड्युटी डॉक्टरांना कळवले. 8.00 वाजता शेजारच्या वॉर्डातून 40 ची बाटली आणली, लेबल दोघींनी वाचले. 8.05 वाजता 16 युनिट दिले, नियोजित वेळेपेक्षा 35 मिनिटे उशिरा. जेवण 8.35 वाजता. 10.35 वाजता शुगर 168. उशिराचे कारण रुग्णास सांगितले. कार्ट्रिज व सिरिंज यांचा फोटो काढून ठेवला आहे.’ या नोंदीत निकाल देणारं एकही विशेषण नाही, आणि तरी पहिल्या नोंदीपेक्षा ती कितीतरी कठोर आहे. औषधालय, मागणीपत्र, वॉर्डातला साठा, भरणं, पडताळणी यांपैकी कोणीही यातून सुटत नाही.

या नोंदीतल्या काही गोष्टींवर थोडं थांबायला हवं. एक म्हणजे युनिटांबरोबर मिलिलिटरही लिहिलं आहे. ‘40 युनिट भरले’ एवढंच लिहिलं असतं तर वाचणाऱ्याला वाटलं असतं की सिस्टरने 16 ऐवजी 40 वाचलं, आणि सगळा तपास हस्ताक्षराकडे वळला असता. 0.4 मिलिलिटर हा आकडा आला की चूक वाचण्यात नव्हती, मोजमापाच्या साधनात होती हे दिसतं. ‘युनिट’ हा शब्दही पूर्ण लिहिला आहे. आकड्यापुढे नुसतं इंग्रजी ‘यू’ अक्षर टाकण्याची सवय धोक्याची आहे. घाईत लिहिलेलं ते अक्षर शून्यासारखं दिसतं आणि 16 चे 160 होतात. औषधसुरक्षेच्या संस्था म्हणूनच हे संक्षिप्त रूप वापरू नका असं सांगत आल्या आहेत. चुकीची नोंद करतानाच दुसऱ्या चुकीला वाट करून द्यायची नसेल, तर हे पथ्य नोंदीतही पाळावं. आणखी एक: भरणाऱ्या सिस्टरला त्या वेळी काय वाटलं हे लिहायचं असेल तर ते तिच्याच शब्दांत, तिचं म्हणणं म्हणून लिहावं. ‘सिरिंजवरची 16 ची खूण म्हणजे 16 युनिट, असे मी धरले’ हे तिचं वाक्य मोलाचं आहे, कारण त्या वॉर्डात ते गृहीतक त्या दिवसापर्यंत दररोज खरं ठरत आलेलं होतं. ‘तिने लेबल वाचण्याची तसदी घेतली नाही’ हे मात्र दुसऱ्याने तिच्या मनात घुसून लिहिलेलं वाक्य आहे. तिने लेबल वाचलं असेल, औषधाचं नाव आणि मुदत पाहिली असेल, आणि ज्या आकड्याची वॉर्डात कधी गरजच पडली नव्हती तो डोळ्यांखालून निसटला असेल. विचारल्याशिवाय हे कळणार नाही.

नोंदीत सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं ते चूक कशी थांबली या भागाकडे. टळलेल्या चुकीला दोन अंगं असतात. ती आत कशी शिरली हे एक, आणि ती कुठे अडली हे दुसरं. पहिल्यावर परिच्छेद लिहिले जातात आणि दुसऱ्याची बोळवण ‘सतर्कतेमुळे’ या एका शब्दात होते. या प्रसंगात दुसऱ्या सिस्टरने पात्र मागितलं म्हणून चूक सापडली. तिने फक्त तक्ता आणि सिरिंज ताडून पाहिली असती तर दोन्हीकडे 16 होतं आणि तिची सही झाली असती. म्हणून खरा प्रश्न हा की पात्र पाहायचं हे वॉर्डाच्या लेखी पद्धतीत आहे का. असेल, तर अडथळा काम करतो आहे, तो तसाच जपायचा. नसेल, पद्धतीत फक्त ‘दोन सह्या’ असतील आणि पात्र मागण्याची सवय त्या एका सिस्टरची स्वतःची असेल, तर त्या दिवशी रुग्ण वाचला तो ड्युटीच्या तक्त्यावर कोणाचं नाव होतं यामुळे. तिची रजा असती तर काय झालं असतं, हे वेगळं सांगायला नको. ‘सतर्कता’ म्हणून तिचं कौतुक करणारी नोंद या दोन परिस्थितींतला फरक पुसते. दोष जसा माणसावर टाकू नये तसं श्रेयही केवळ माणसावर टाकून थांबू नये, असं मला वाटतं ते यामुळे.

35 मिनिटांच्या उशिराचंही तसंच. ‘डोस थांबवला, रुग्णाला काही झालं नाही’ या आनंदात हा उशीर गळून पडतो. पण चुकीचा डोस रुग्णापर्यंत पोहोचला नाही हे खरं असलं, तरी योग्य डोस उशिरा पोहोचला हेही तितकंच खरं आहे, आणि तो रुग्णापर्यंत गेलेला परिणाम आहे. औषधांच्या चुकांची जी वर्गवारी जगभर वापरली जाते तिच्यात चूक झाली पण रुग्णापर्यंत गेली नाही हा एक वर्ग आहे, आणि रुग्णापर्यंत गेली पण इजा झाली नाही हा दुसरा. या प्रसंगातला अडीचपट डोस पहिल्या वर्गात बसतो, उशीर दुसऱ्या वर्गात. दोन्ही वेगळे लिहिले तरच इन्सुलिनची बाटली अचानक संपण्याचा स्वतंत्र प्रश्न कोणाच्या तरी नजरेस पडतो.

काय होऊ शकलं असतं हे लिहिताना हात आवरावा लागतो. ‘रुग्ण दगावला असता’ असं लिहिण्याचा मोह होतो, कारण त्याशिवाय वरिष्ठ लक्ष देणार नाहीत अशी भीती असते. पण ते लिहिणाऱ्याला माहीत नसतं. माहीत आहे ते एवढं: रेग्युलर इन्सुलिन त्वचेखाली दिल्यावर साधारण अर्ध्या तासाने काम सुरू करतं, त्याचा जोर दोन ते चार तासांनी सर्वाधिक असतो आणि परिणाम पाच ते आठ तास राहतो. 7.30 वाजता 40 युनिट गेले असते तर शुगर सर्वांत वेगाने उतरण्याची वेळ रात्री साडेनऊ ते साडेअकराची आली असती. त्या वेळी रुग्ण झोपलेला असतो, दिवे मंद असतात आणि ड्युटीवर माणसं कमी असतात. घाम, थरथर, असंबद्ध बोलणं ही लक्षणं झोपेत लपतात. इतकं लिहिलं की धोका किती होता हे वाचणाऱ्याला स्वतः कळतं, आणि ते त्याला पटतंही, कारण त्यात फुगवलेलं काही नाही.

आता आक्षेपांकडे येतो. पहिला आणि सर्वांत वजनदार आक्षेप असा की दोष लावायचाच नसेल तर जबाबदारी उरते कुठे? औषध देण्याआधी लेबल वाचणं हे परिचर्येच्या पहिल्या धड्यात शिकवतात; ज्याने ते केलं नाही त्याला जाब का विचारू नये? हा आक्षेप मी हलका मानत नाही. रुग्णाच्या नातेवाइकाच्या जागी उभं राहिलं की तो अधिकच रास्त वाटतो. पण त्याला तपासून पाहण्याची एक साधी रीत आहे. त्या सिस्टरच्या जागी तितक्याच अनुभवाच्या, तितक्याच प्रामाणिक दुसऱ्या सिस्टरला उभं करा. तेच मागणीपत्र, तेच कार्ट्रिज, पेन नाही, खणात फक्त लाल सिरिंज, आणि जेवणाची गाडी दाराशी आलेली. तिच्याकडूनही हीच चूक होऊ शकते असं उत्तर आलं, तर शिक्षेने फक्त माणूस बदलेल, चूक तिथेच राहील. उत्तर वेगळं आलं, म्हणजे कोणी जाणूनबुजून पडताळणी टाळली, न पाहता सही केली, नशेत ड्युटी केली, तर त्याची चौकशी व्हायलाच हवी. फक्त ती चौकशी वेगळी, तिची माणसं वेगळी आणि तिचा कागदही वेगळा असावा. घटनेची नोंद हा आरोपपत्राचा मसुदा झाला, की पुढच्या वेळी नोंदच होत नाही. ड्युटीवर कोण होतं हे हजेरीपटावर असतंच. नोंदीत नाव नाही म्हणून कोणी अदृश्य होत नाही.

यातूनच दुसरा आक्षेप निघतो, तो भीतीचा. लिहून दिलं आणि उद्या तेच आपल्याविरुद्ध वापरलं गेलं तर? ही भीती खोटी आहे असं मी कोणाला सांगणार नाही. वैद्यकीय निष्काळजीपणाबद्दल फौजदारी जबाबदारी येण्यासाठी तो ढोबळ, गंभीर स्वरूपाचा असावा लागतो, असं सर्वोच्च न्यायालयाने 2005 मध्ये जेकब मॅथ्यू खटल्यात स्पष्ट केलं. त्यामुळे न दिलेल्या डोसच्या प्रामाणिक नोंदीतून तुरुंगाची भीती बाळगण्याचं कारण फारसं नाही. खरी भीती असते ती मेमोची, बदलीची, वेतनवाढ रोखली जाण्याची. तिथे न्यायालय उपयोगी पडत नाही, रुग्णालयाच्या प्रमुखाला बोलावं लागतं. अमेरिकेत हवाई वाहतुकीतल्या टळलेल्या चुकांची नोंद घेण्याची व्यवस्था 1976 पासून चालू आहे, आणि तिची दोन वैशिष्ट्यं मला महत्त्वाची वाटतात. वैमानिकांवर कारवाईचा अधिकार ज्या खात्याला आहे, त्या खात्याकडे हे अहवाल जात नाहीत. ते नासाकडे जातात आणि तिथे नावं काढून टाकली जातात. शिवाय चूक अजाणता झालेली असेल आणि 10 दिवसांच्या आत कळवली असेल, तर सहसा दंड किंवा परवाना रोखण्याची शिक्षा होत नाही. म्हणजे विश्वास ठेवा असं नुसतं सांगितलेलं नाही, विश्वास ठेवता येईल अशी रचना केलेली आहे. आपल्या रुग्णालयांत निदान एवढं तरी करता येतं: टळलेल्या चुकीची नोंद मेमोचा आधार म्हणून वापरली जाणार नाही हे लेखी परिपत्रकाने सांगायचं, आणि नोंद वॉर्डाच्या इन्चार्जमार्फत न जाता थेट गुणवत्ता विभागाकडे जाईल असं पाहायचं. हे न करता सिस्टरांनी प्रामाणिकपणे लिहावं अशी अपेक्षा ठेवणं मला अन्यायाचं वाटतं.

तिसरा आक्षेप समाधानी माणसांचा आहे: पडताळणीने चूक पकडली, म्हणजे व्यवस्था चालते आहे, मग बदलायचं काय? दुहेरी पडताळणी ही गोष्ट दिसते तितकी भक्कम नाही. दोघी एकाच वॉर्डात, एकाच सवयीत वाढलेल्या असतात. ‘16 ची खूण म्हणजे 16 युनिट’ हे गृहीतक दोघींच्या मनात सारखंच असतं. पहिली सांगते, “16 भरलंय, बघ ग,” आणि दुसरी 16 च बघते. ही पडताळणी स्वतंत्र राहत नाही, पहिलीच्या निष्कर्षाला दिलेली मान्यता होते. स्वतंत्र पडताळणीत दुसरी व्यक्ती आकडा ऐकण्याआधी आदेश स्वतः वाचते, पात्र स्वतः हातात घेते आणि मग सिरिंज पाहते. तेही रात्रीच्या ड्युटीत, तीस रुग्णांना औषधं देताना, प्रत्येक वेळी होईल अशी आशा करणं फार आहे. म्हणून ती इन्सुलिनसारख्या मोजक्या धोकादायक औषधांसाठी राखावी, आणि तिच्या आधीच्या पायऱ्यांवर चुकीला वाटच राहणार नाही असं पाहावं.

नोंदीचा कस लागतो तो इथे. नोंदीच्या शेवटी ‘केलेली उपाययोजना’ असा रकाना असतो आणि त्यात बहुतेक वेळा लिहिलेलं असतं: ‘सर्व कर्मचाऱ्यांना सूचना देण्यात आल्या.’ सूचनेचा परिणाम महिना-दोन महिने टिकतो, मग नव्या सिस्टर येतात. वरच्या नेमक्या नोंदीतून मात्र उपाय आपोआप दिसू लागतात. मागणीपत्रावर तीव्रता आणि पात्राचा प्रकार लिहिल्याशिवाय इन्सुलिन द्यायचं नाही. औषधालयाने कार्ट्रिज एकटं पाठवायचंच नाही. पेन आणि सुया बरोबर असतील तरच ते वॉर्डात जाईल. बाटली आणि तिची सिरिंज एकाच डब्यात ठेवायची, म्हणजे बाटली नसेल तर त्या डब्यातली सिरिंजही हाताशी येणार नाही. कार्ट्रिजमधून सिरिंजने इन्सुलिन काढायचं नाही हा नियम तर सर्वत्र असायला हवा, कारण तीव्रतेचा घोळ बाजूला ठेवला तरी त्यामुळे कार्ट्रिजमध्ये हवा शिरते आणि पुढे ते पेनमध्ये बसवलं तर डोस कमी जाऊ शकतो. यांतल्या एकाही उपायासाठी कोणी अधिक सतर्क व्हावं लागत नाही. दमलेल्या, घाईतल्या माणसाच्या हातूनही हे नीट होतं, आणि रुग्णालयांत बहुतेक माणसं दमलेली आणि घाईतच असतात.

काही जण म्हणतात, चुकीची सिरिंज असली तरी हिशोब करून डोस काढता येतो, 100 च्या इन्सुलिनचे 16 युनिट म्हणजे 0.16 मिलिलिटर, मग 40 च्या सिरिंजवर साधारण साडेसहाची खूण. गणित बरोबर आहे, पण ही पळवाट कोणी शिकू नये आणि शिकवू नये. साडेसहाची खूण छापलेली नसते, आणि तक्त्यावर 16 व सिरिंजवर साडेसहा पाहून पडताळणी करणारी चांगली सिस्टर डोस अडवेल किंवा ‘दुरुस्त’ करून 16 पर्यंत भरेल.

उलट दिशेची चूक जास्त फसवी आहे, आणि ती वॉर्डापेक्षा घरात जास्त वावरते. 40 ची बाटली आणि 100 ची केशरी सिरिंज अशी जोडी जमली, तर 16 च्या खुणेपर्यंत भरलेल्या 0.16 मिलिलिटरमध्ये फक्त 6.4 युनिट असतात. रुग्णाला घाम फुटत नाही, चक्कर येत नाही, कोणी धावत येत नाही. शुगर फक्त चढलेली राहते. तपासणीत डॉक्टर ती पाहतात, पथ्य मोडलं का विचारतात आणि डोस वाढवतात. 16 चे 24, 24 चे 30. मग एक दिवस नेहमीच्या मेडिकलमध्ये केशरी सिरिंज संपते आणि लाल मिळते. त्या दिवशी 30 च्या खुणेवर खरोखर 30 युनिट जातात. आदल्या दिवशी त्याच खुणेवर 12 गेले होते. अचानक शुगर उतरल्याचं कारण शोधताना जेवण, उपास, व्यायाम सगळं विचारलं जातं, सिरिंज कोणी विचारत नाही. घरातल्या चुकीची नोंद ठेवायला इन्चार्ज नसते, पण शुगरच्या वहीत एक रकाना वाढवता येतो: आज वापरलेल्या बाटलीवरचा आकडा आणि सिरिंजवरचा आकडा. रुग्णालयात पेनवर असलेल्या रुग्णाला घरी जाताना बाटली लिहून दिली असेल, तर हे दोन आकडे पहिल्याच दिवशी लिहावेत.

घरात कोणी इन्सुलिन घेत असेल, तर आज रात्रीच्या डोसआधी बाटली आणि सिरिंज शेजारी ठेवून दोन्हींवरचे आकडे वाचा. 40 बरोबर 40, 100 बरोबर 100. जुळत नसतील तर तो डोस भरू नका, आधी डॉक्टरांना फोन करा. आणि त्या बाटलीचा व सिरिंजचा एक फोटो काढून त्यांना दाखवा. वाढवत नेलेला डोस मागे आणायचा असेल तर त्यांना हे माहीत असणं गरजेचं आहे.